हँडबॉलमधील गोलक्षेत्रातील उडीबाबत खुलासा

“सर, सहा मीटरच्या आत पडलो, तर गोल बाद ना?”

नाही, गोलसमोरच्या सहा मीटरच्या क्षेत्ररेषेला स्पर्श न करता बाहेरून उडी घेतली आणि जमिनीवर पाय टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला, तर गोल वैध असतो. रेषा क्षेत्राचाच भाग असल्याने उडीचा पाय तिच्यावर पडला, तर मात्र चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो, म्हणून पंचांची नजर याच पायावर असते. चेंडू झेलून तीन पावले, मग ड्रिबल, पुन्हा हातात घेऊन तीन पावले आणि उडी, हा क्रम पूर्णपणे नियमात बसतो. मात्र ड्रिबल थांबवून चेंडू धरल्यावर तो तीन सेकंदांत सोडावा लागतो आणि पुन्हा ड्रिबल करता येत नाही. शालेय सामन्यांत चूक बहुधा इथेच होते.