शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा ही मराठीतील म्हण आहे. थोडा भाग तपासून सगळ्याचा अंदाज बांधता येतो, असा तिचा अर्थ. संस्कृतात याच विचाराला स्थालीपुलाकन्याय म्हणतात.

शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा एक दाणा. कोकणात शेतात डुलतं तेही भात आणि ताटात वाढतात तोही भात. शीत मात्र शिजल्यावरच म्हणायचं. लिहिताना ‘शीत’ दीर्घ, पण ‘शितावरून’ ऱ्हस्व.

म्हण नीट कळायला टोपातला भात शिजताना पाहावा. एक वाटी तांदळाला पाच-सहा वाट्या पाण्याचं आधण ठेवतात आणि शिजल्यावर पेज वेळून काढतात. साधा तांदूळ बारा-पंधरा मिनिटांत होत आला की पळीने तळापासून ढवळून मधलं एक शीत घेतात आणि अंगठा व तर्जनीत दाबतात. सहज चपटं झालं तर भात झाला. मध्ये पांढरा, कडक ठिपका लागला तर कणी राहिली, आणखी दोन-तीन मिनिटं हवीत. उकड्या तांदळाला याहून बराच जास्त वेळ लागतो, पण परीक्षा हीच.

एकाच शितावर एवढा भरवसा का? कारण सगळे दाणे एकाच तांदळाचे, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात, आणि ढवळल्यामुळे वरचा-खालचा फरक उरत नाही. नवा आणि जुना तांदूळ एकत्र पडला की हा भरवसा तुटतो. नवा लवकर मऊ होतो, जुना मागे राहतो. हाताला नव्याचं शीत लागलं तर टोप उतरवला जातो आणि जेवताना कणी दाताखाली येते.

म्हण वापरतानाही हेच बघायचं. वहीच्या कुठल्याही पानावर अक्षर सुवाच्य दिसलं, तर शितावरून भाताची परीक्षा म्हणणं शोभतं, कारण सगळी पानं एकाच हाताची. हापूसच्या पेटीचं तसं नाही. तिच्यात वेगवेगळ्या कलमांचे, कमी-जास्त पिकलेले आंबे असू शकतात. वरचा एक दाबून पेटी घेतली तर खालच्या थरात कच्चे किंवा डागी निघतील, म्हणून प्रत्येक थरातला एखादा तरी पाहावा. एका मुलावरून अख्ख्या वाडीला नावं ठेवणं हा तर म्हणीचा सरळ चुकीचा वापर आहे, कारण माणसं एका टोपात शिजत नाहीत.

‘जिथे शितं तिथे भुतं’ हीसुद्धा याच शिताची म्हण. खायला मिळतं तिथे माणसं गोळा होतात, असं ती सांगते.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन असतो. त्या दिवशी तुमच्या घरातली एक म्हण सगळ्यांना सांगा. आजी ज्या बोलीत बोलते त्याच शब्दांत लिहा, मालवणी असेल तर मालवणीच ठेवा. खाली गावाचं नाव आणि ती म्हण घरात नेमकी केव्हा तोंडी येते, हे एका वाक्यात लिहा.