दहा लाख चाळीस हजार आले कुठून?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीनिंग कारखान्याची जर्मनीत उपकंपनी आहे असं धरू. तिचं गोदाम स्वतःचं, कर्ज तिथल्याच बँकेचं. वर्षाच्या सुरुवातीला युरो ८० रुपये असताना इथून १ लाख युरो भांडवल गेलं. वर्षभरात नफा झाला २० हजार युरो. सरासरी दर ८८, मार्चअखेरचा ९०.

एकत्रित ताळेबंदात तिची निव्वळ मालमत्ता, म्हणजे १ लाख २० हजार युरो, ९० च्या दराने १ कोटी ८ लाख होते. भांडवल मात्र जुन्या ८० च्या दराने ८० लाखच राहतं आणि नफा सरासरी दराने १७ लाख ६० हजार. बेरीज ९७ लाख ६० हजार. उरलेले १० लाख ४० हजार कुणी कमावलेले नाहीत, ते फक्त दर हलल्याचे आहेत.

ते ठेवायचे कुठे, यावरच सगळा वाद झाला. १९७३ पर्यंत प्रमुख चलनांचे दर बव्हंशी बांधलेले होते, त्यामुळे प्रश्न छोटा होता. दर मोकळे झाल्यावर अमेरिकेने १९७५ च्या नियमाने असा फरक थेट नफा-तोट्यात घ्यायला लावला. धंदा तोच असूनही तिमाही नफा वरखाली होऊ लागला आणि कंपन्यांनी ओरड केली. १९८१ मध्ये नियम बदलला. फरक भागधारकांच्या निधीत वेगळा ठेवायचा आणि उपकंपनी विकल्यावरच नफ्यात आणायचा. माझ्या मते हाच निर्णय बरोबर होता.

आपल्याकडे २५० कोटींपेक्षा कमी निव्वळ मूल्याच्या, शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांना सहसा एएस ११ हा लेखा-नियम लागू असतो आणि त्यात एक मेख आहे. परदेशी शाखा नुसता इथला माल विकून पैसे परत पाठवत असेल, तर ती मूळ धंद्याचाच भाग ठरते आणि फरक नफा-तोट्यातच जातो. आपली जर्मन उपकंपनी स्वतःच्या पायावर उभी आहे, म्हणून तिचा फरक ट्रान्सलेशन रिझर्व्ह या वेगळ्या निधीत जातो.

ईआरपी या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होते ती भांडवलाच्या खात्याला. त्याला जुना दर द्यायचा राहून मार्चअखेरचा दर लागला, तर भांडवल ९० लाख होतं आणि रिझर्व्हमध्ये जेमतेम ४० हजार उरतात. ताळेबंद तरी जुळतो, म्हणून चूक डोळ्यांत भरत नाही. पण बेळगावच्या पुस्तकात गुंतवणूक ८० लाखच असते. ती भांडवलाशी वजा करताना १० लाख लोंबकळत राहतात. तो आकडा दिसला की हाताने जर्नल टाकून मिटवू नका, आधी खात्याचा दर-प्रकार उघडून बघा.

पडताळा कागदावर करता येतो. १ लाख गुणिले दरातली १० रुपयांची वाढ म्हणजे १० लाख. २० हजार गुणिले सरासरी आणि अखेरच्या दरातले २ रुपये म्हणजे ४० हजार. रिझर्व्हचा आकडा याच्याशी जुळला पाहिजे.