धमनी निम्मी झाली की प्रवाह किती उरतो?

जळगाव-धुळ्याकडे अँजिओग्राफी झाली की घरचे पहिलं विचारतात, "किती टक्के ब्लॉक?" रिपोर्टमधले ते टक्के बहुतेक वेळा धमनीच्या रुंदीतली घट सांगतात, रक्तप्रवाहातली नाही. या दोन गोष्टींतला फरक कळायला जवळपास दीडशे वर्षं लागली.

पॅरिसचे डॉक्टर प्वाझय यांनी १८२८ मध्ये पाऱ्याच्या नळीने प्राण्यांच्या धमन्यांतला दाब मोजला. मोठ्या आणि त्याहून लहान धमन्यांत तो जवळपास सारखाच भरला. म्हणजे दाब खर्च होतो तो पुढच्या बारीक वाहिन्यांत. मग त्यांनी केसासारख्या काचेच्या नळ्या घेऊन त्यांतून पाणी सोडलं. १८४० च्या सुमारास निष्कर्ष आला: दाब आणि लांबी तीच असेल, तर प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. जर्मन अभियंता हागेन पितळी नळ्यांवरून १८३९ मध्येच तिथे पोहोचले होते.

चौथा घात का? व्यास निम्मा झाला की छेदाचं क्षेत्रफळ पाव होतं. शिवाय भिंतीलगतचा द्रव जवळपास थांबलेला असतो आणि मधला सर्वांत वेगाने धावतो. नळी अरुंद झाली की मधला द्रवही भिंतीजवळ येतो आणि सरासरी वेगसुद्धा पाववर येतो. पाव गुणिले पाव, म्हणजे सोळावा हिस्सा. ३ मिमीची नळी २.४ मिमी झाली, म्हणजे रुंदी फक्त २० टक्के घटली, तरी प्रवाह ४१ टक्केच उरतो.

पण हा हिशेब अख्खी नळी अरुंद झाल्याचा आहे. हृदयाच्या धमनीत अडथळा बहुधा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा असतो, आणि पुढच्या सूक्ष्म धमन्या फैलावून ती तूट भरून काढतात. म्हणून बसल्याजागी काही जाणवत नाही, पण बागेत केळीचा घड खांद्यावर घेतला की छाती भरून येते, कारण फैलावण्याची ती ताकद आधीच खर्च झालेली असते. अमेरिकेतले लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हेच दाखवलं. विश्रांतीतला प्रवाह रुंदी ८५ टक्क्यांच्या आसपास घटेपर्यंत टिकून राहिला, पण कमाल प्रवाह निम्मी रुंदी जायच्या आतच उतरू लागला.

म्हणून १९९० च्या दशकात हृदयरोगतज्ज्ञ पाइल्स आणि डी ब्रॉयना यांनी एफएफआर, म्हणजे फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह, ही तपासणी रूढ केली. अ‍ॅडेनोसिन हे औषध देऊन सूक्ष्म धमन्या पूर्ण फैलावतात आणि दाब मोजणारी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात. महाधमनीत सरासरी दाब ९० आणि पलीकडे ६३ आला, तर गुणोत्तर ०.७०. म्हणजे कमाल प्रवाह निरोगी धमनीच्या ७० टक्क्यांच्या आसपास. ०.८० किंवा त्याखालचा आकडा आला तर अडथळा प्रवाहाला नडतो असं धरतात. मात्र औषधाचा पुरेसा परिणाम झाला नाही, तर प्रवाह कमाल पातळीला जात नाही, दाबातली घट कमी दिसते आणि नडणारा अडथळाही किरकोळ वाटू शकतो.