स्लॅबचं काँक्रीट: साइटवरच्या मिक्सरचं की गाडीचं?

ऑक्टोबरातली सकाळ. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, साइटवर वाळूचा ढीग ओलाच. मिक्सरमध्ये एक पोतं सिमेंट, मापाने वाळू आणि खडी पडली, पाणीही मोजून ओतलं. मिस्त्रीने आत डोकावून पाहिलं आणि गड्याला म्हणाला, "जरा पातळ कर रे, घमेल्यातून सुटत नाही." आणखी अर्धी बादली आत गेली. घरमालक शेजारीच उभे होते; त्यांना वाटलं, पाण्याने काय होतंय!

५० किलोच्या पोत्याला एम-२० ग्रेडच्या, म्हणजे त्या ताकदीच्या काँक्रीटसाठी २५ ते २७ लिटर पाणी पुरे. सिमेंटच्या रासायनिक क्रियेत त्यातलं निम्म्याच्या आसपासच खर्ची पडतं, उरलेलं काँक्रीट हाताळता यावं म्हणून. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडतं. पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद घटते, हे डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच मांडलं होतं. आता आपल्या ढिगाकडे बघा. एका पोत्याला साधारण ८० किलो वाळू लागते. तिच्यात ५ टक्के ओल असेल तर ४ लिटर पाणी न मोजताच आत गेलं. मोजलेलं २६ लिटर आणि ती अर्धी बादली धरून आकडा ३७-३८ वर जातो. एवढ्याने ताकद सहज तिसऱ्या हिश्श्याने उतरते. शिवाय ओली वाळू फुगते, त्यामुळे माप भरलेलं दिसतं पण आत वाळू कमीच असते.

काँक्रीट तयार करून गाडीने पाठवणाऱ्या रेडीमिक्सच्या प्लँटचा खरा फायदा इथे आहे. तिथे सगळं वजनावर जातं आणि वाळूतली ओल मोजून तेवढं पाणी कमी केलं जातं. काँक्रीट प्रवाहीही होतं, पण पाण्याने नव्हे, अ‍ॅडमिक्श्चर नावाच्या रसायनाने.

तरीही प्रत्येक कामाला गाडी बोलवायची नसते. ९ बाय १२ इंचांचा, १० फुटी कॉलम घ्या. त्यात जेमतेम ०.२ घनमीटर काँक्रीट मावतं. असे दहा कॉलम म्हणजे २ घनमीटर. गाडीत साधारण ६ घनमीटर येतं. कॉलम थोडं ओतून, व्हायब्रेटर मारून, पुन्हा ओतून भरायचे असतात. तेवढा वेळ गाडी उभी राहणार आणि अर्धवट भरलेल्या गाडीचे जादा पैसेही बसणार. कॉलम, लिंटल, जिना यांना साइटवरचा मिक्सरच बरा. फक्त पाण्याला खुणेचा डबा ठेवा आणि तो भरायला एकच माणूस नेमा.

स्लॅबचं गणित वेगळं. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब, बीम धरून १६ घनमीटरच्या आसपास जातो. साइटवर याला सव्वाशे पोती, म्हणजे एका पोत्याच्या मिक्सरचे सव्वाशे घाणे. घाण्याला चार मिनिटं धरली तरी आठ तासांवर काम. मधे वीज गेली किंवा जेवणाची सुट्टी लांबली की आधीचं काँक्रीट आवळतं, नवं त्याला धड चिकटत नाही. हा कोल्ड जॉइंट. पुढे पावसाळ्यात छताला एका सरळ रेषेत ओल धरली, तर बहुतेक वेळा हाच गुन्हेगार असतो. तीन गाड्या आणि पंप असला तर हेच काम दोन-तीन तासांत उरकतं. माझं मत विचाराल तर एवढ्या स्लॅबला गाडीच.

मात्र गाडी दारापर्यंत यायला हवी. ६ घनमीटर काँक्रीटचंच वजन १४ टनांवर जातं. गल्लीतलं गटारावरचं झाकण ते पेलेलच असं नाही. प्रवाही काँक्रीट सेंट्रिंगच्या फटींतून सिमेंटचा रस घेऊन गळतं, म्हणून फटी आधीच बुजवा. व्हायब्रेटर दोन हवेत, कारण पंप थांबून राहत नाही.

गाडी आली की आधी चलान मागा. त्यावर ग्रेड आणि प्लँटमधून माल भरल्याची वेळ असते. तिथपासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हावी. ट्रॅफिकमध्ये अडकून आलेलं काँक्रीट घट्ट झालेलं असतं आणि ड्रायव्हर सवयीने गाडीवरच्या टाकीचा पाइप ड्रममध्ये सोडतो. म्हणजे पुन्हा तीच अर्धी बादली, फक्त शंभर लिटरची! तिथेच अडवा आणि प्लँटच्या माणसाला अ‍ॅडमिक्श्चर घालायला सांगा. वेळ उलटून गेली असेल तर गाडी परत पाठवा. दुसऱ्या गाडीला उशीर होतोय असं दिसलं, तर पहिलीचा माल सगळ्या स्लॅबभर पसरू नका; एका कडेपासून पट्ट्यापट्ट्याने पुढे सरका, म्हणजे आवळत जाणारी कडा लहान राहते.