डॉज (अ‍ॅक्शन गेममधील बचाव)

अ‍ॅक्शन गेममध्ये शत्रूचा वार अंगावर न घेता चुकवण्याच्या हालचालीला डॉज म्हणतात. ती बहुधा कोलांटी, म्हणजे रोल, किंवा बाजूला मारलेली झेप असते. पडद्यावर तलवार अंगाला लागली की नाही, हे गेम चित्र पाहून ठरवत नाही. शस्त्राभोवती आणि खेळाडूच्या शरीराभोवती साधे अदृश्य आकार बांधलेले असतात. वाराच्या आकाराला हिटबॉक्स आणि शरीराच्या आकाराला हर्टबॉक्स म्हणतात. हिटबॉक्स पूर्ण हालचालभर चालू नसतो. तलवार उगारताना तो बंद असतो, ती खाली येताना काही फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकामागून एक येणारी काही चित्रे, चालू होतो आणि पुन्हा बंद होतो. त्या फ्रेममध्ये दोन आकार एकमेकांना भिडले, तरच वार लागतो.

रोलच्या सुरुवातीच्या काही फ्रेममध्ये ही टक्कर गेम मोजतच नाही. त्यांना आय-फ्रेम म्हणतात. रोल मारणारा खेळाडू वारापासून दूर गेलेला असेलच असे नाही. पुष्कळदा तो वाराच्या आत असूनही सुटतो.

२०१४ साली आलेल्या फ्रॉमसॉफ्टवेअर या स्टुडिओच्या डार्क सोल्स २ मध्ये हे गणित सर्वांत स्पष्ट दिसते, कारण तिथे आय-फ्रेम खेळाडूला पॉइंट खर्चून विकत घ्याव्या लागतात. अ‍ॅडाप्टेबिलिटी हा पात्राचा गुण वाढवला की अ‍ॅजिलिटी हा चपळाईचा आकडा वाढतो आणि त्याच्याबरोबर रोलच्या आय-फ्रेमही. सेकंदाला ३० फ्रेम या हिशेबाने अ‍ॅजिलिटी ९६ ला ११ आणि १०५ ला १३ आय-फ्रेम मिळतात. एक फ्रेम म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. आकडे लहान दिसतात, पण त्यांचा परिणाम समजण्यासाठी एक वार हातात घेऊन पाहावा.

समजा, एका बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी भेटणाऱ्या बलाढ्य शत्रूच्या, आडव्या वाराचा हिटबॉक्स ६ फ्रेम चालू राहतो आणि त्या सहाही फ्रेम तो आपल्या अंगावर आहे. आय-फ्रेम ८ असतील, तर ही सहाची सहा झाकण्यासाठी रोल सुरू करण्याचे फक्त ३ क्षण उरतात, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. आय-फ्रेम १३ असतील, तर तेच क्षण ८ होतात. पाचच वाढवल्या, पण सवड अडीचपटीहून जास्त झाली. आय-फ्रेम ५ असतील, तर जागच्या जागी हा वार चुकवणे अशक्यच.

आता पॉइंट न खर्चता हीच सवड वाढवता येते. मागे पळणारा खेळाडू तलवार ज्या दिशेने जाते त्याच दिशेने जात राहतो, म्हणून ती त्याच्यावरून हळू सरकते. वार जिथून येतो त्या बाजूला, म्हणजे शत्रूच्या अंगावर रोल मारला, तर पाते चटकन ओलांडून जाते. अंगावरचा काळ ६ वरून ३ फ्रेमवर आला, तर ८ आय-फ्रेमलाही ६ क्षण मिळतात. नवख्यांना ही गोष्ट जिवावर येते, आणि नेमकी हीच सर्वांत आधी शिकण्यासारखी आहे.

वार लागलाच, तर चूक कुठे झाली ते अंगस्थितीवरून ओळखता येते. कोलांटीतून उठताना फटका बसला, तर रोल लवकर मारला होता; आय-फ्रेम संपल्या आणि हिटबॉक्स अजून चालू होता. कोलांटी सुरू होण्याआधीच बसला, तर उशीर झाला. डार्क सोल्स मालिकेत धावण्याचे आणि रोलचे बटण एकच असल्याने रोल बटण सोडल्यावर सुरू होतो. बटण दाबून धरणाऱ्याचे त्यातच काही फ्रेम जातात.

डार्क सोल्स २ च्या हिटबॉक्सबद्दल खूप तक्रारी झाल्या. त्यातल्या काही रास्त आहेत. सुरुवातीच्या भागातल्या ओगर या राक्षसाची पकड पाहा: रोल संपत असताना हाताचा आकार भिडला की गेम खेळाडूला ओढून त्याच्या मुठीत ठेवतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की हात तर लांब होता. पण पुष्कळ तक्रारींच्या मुळाशी आकार नसून, अ‍ॅडाप्टेबिलिटी न वाढवल्याने अपुऱ्या पडलेल्या आय-फ्रेम असतात.

स्टॅमिना, म्हणजे पडद्यावर पट्टीने दिसणारा खेळाडूचा दम, या सगळ्यावर लगाम घालतो. प्रत्येक रोलला त्यातला काही भाग खर्च होतो आणि ढाल वर धरलेली असेल, तर तो सावकाश भरतो. चिलखताचे वजन वाढले की भरण्याचा वेग आणखी मंदावतो. वजनाने मर्यादेचा ७० टक्क्यांचा टप्पा ओलांडला, तर रोलच जड आणि आखूड होतो. घाबरून लागोपाठ रोल मारणारा पहिले दोन वार चुकवतो. पण बॉसचा तिसरा वार मुद्दाम थांबून येत असेल, तर तेव्हा पट्टी रिकामी असते आणि बटण दाबूनही काही होत नाही. एकच रोल मारून उरलेला स्टॅमिना हाती ठेवणाऱ्याला मात्र तिसरा वारही चुकवता येतो आणि उलट वारही करता येतो. त्याच स्टुडिओच्या २०१९ सालच्या सेकिरोमध्ये खेळाडूला ही पट्टीच नाही. तिथे तलवारीवर तलवार अडवणे हाच मुख्य बचाव आहे.