मातृरक्तावरील गर्भ-डीएनए चाचणी

गरोदर स्त्रीच्या दंडातून काढलेल्या रक्तावरून गर्भाच्या काही गुणसूत्रदोषांची शक्यता अजमावणारी चाळणी चाचणी. दवाखान्यांत ती ‘एनआयपीटी’ या नावाने ओळखली जाते. सातारा-सांगली भागात रक्त साधारणपणे गावच्या किंवा मिरजेसारख्या शहरातल्या दवाखान्यात घेतले जाते आणि तपासणीसाठी कुरिअरने मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवले जाते. दहावा आठवडा पूर्ण झाल्यावर ही चाचणी करता येते.

पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. गरोदरपणात अशा तुकड्यांपैकी बहुतेक आईचे असतात आणि थोडे वारेतून आलेले असतात. संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये हे दाखवून दिले. मुलगा पोटात असलेल्या स्त्रियांच्या रक्तद्रवात त्यांना वाय गुणसूत्राचे तुकडे सापडले. आईजवळ वाय गुणसूत्र नसते, त्यामुळे ते आले कुठून याबद्दल शंका उरत नव्हती. जी खूण सर्वांत आधी सापडली तीच भारतात सांगता येत नाही. गर्भलिंग सांगण्यावर महाराष्ट्राने 1988 मध्ये राज्यापुरता आणि केंद्राने 1994 मध्ये देशभरासाठी बंदी घालणारा कायदा केला. 2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे 851 मुली होत्या, हे पाहिले तर या बंदीला इथे किती अर्थ आहे ते कळते. चाचणीच्या अहवालात लिंगाचा उल्लेख नसतो आणि तो विचारूही नये.

चाचणीचे मूळ काम मोजणीचे आहे. प्रयोगशाळा गर्भाचे तुकडे वेगळे काढत नाही. आईचे आणि वारेचे तुकडे एकत्रच वाचले जातात आणि कोणता तुकडा कोणत्या गुणसूत्राचा ते पाहिले जाते. समजा, दहा लाख तुकडे वाचले आणि नेहमीच्या गरोदरपणात त्यांतले 13,000 तुकडे एकविसाव्या गुणसूत्राचे असतात. डाउन सिंड्रोममध्ये गर्भाजवळ या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. वारेतून आलेला वाटा 10 टक्के असेल, तर एकविसाव्याचे तुकडे 5 टक्क्यांनी वाढून 13,650 होतात. निव्वळ योगायोगाने होणारी घटबढ इथे शंभर-सव्वाशेच्या आसपास असते, म्हणून 650 ची वाढ ठळकपणे उठून दिसते. तोच वाटा 2 टक्के असेल तर वाढ होते फक्त 130, आणि ती नेहमीच्या घटबढीत हरवून जाते. त्यामुळे हा वाटा किती आहे हे आधी पाहावे लागते. अनेक प्रयोगशाळा तो 4 टक्क्यांच्या खाली असेल तर निकालच देत नाहीत.

वाटा कमी येण्याची कारणे बहुधा साधी असतात. एक म्हणजे दिवस लवकरचे असणे. दुसरे म्हणजे आईचे वजन जास्त असणे, कारण मग आईचे तुकडे वाढतात. नमुना नीट न सांभाळणे हेही एक कारण आहे. यासाठीच्या खास नळीतले रसायन आईच्या पांढऱ्या पेशी फुटू देत नाही. त्या फुटल्या तर आईच्या डीएनएची भर पडते आणि वारेचा वाटा आणखी पातळ होतो. म्हणून ही नळी गोठवायची नसते आणि जत-आटपाडीच्या मे महिन्यातल्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवायचीही नसते. निकाल न आल्यास दोनएक आठवड्यांनी पुन्हा रक्त देतात. मात्र अठराव्या किंवा तेराव्या गुणसूत्राच्या दोषातही वारेचा वाटा कमी राहू शकतो. वारंवार निकाल येत नसेल तर ‘नळी खराब होती’ एवढ्यावर विषय सोडून देणे बरे नव्हे.

सर्वांत जास्त गोंधळ ‘हाय रिस्क’ या शेऱ्याने होतो. विट्याची एक पंचवीस वर्षांची सून डोळ्यांसमोर आणा. अहवालात एकविसाव्या गुणसूत्रापुढे ‘हाय रिस्क’ लिहिले आहे. कुणीतरी सांगते, चाचणी 99 टक्के अचूक आहे, आणि घरात त्याचा अर्थ बाळाला दोष असण्याची शक्यता 99 टक्के असा घेतला जातो. हिशेब वेगळा आहे. या वयात साधारण हजारात एका गर्भाला हा दोष असतो असे धरू. अशा एक लाख गरोदर स्त्रियांत 100 गर्भ दोषाचे असतील आणि चाचणी त्यांतले 99 पकडेल. उरलेल्या 99,900 पैकी हजारात एकीला चुकून ‘हाय रिस्क’ आले तरी त्या होतात 100. म्हणजे शेरा मिळालेल्या जवळपास 199 जणींपैकी निम्म्या जणींचे बाळ या दोषापासून मुक्त असते. चाळिशीच्या स्त्रीत मूळ शक्यता शंभरात एक धरली तर त्याच चाचणीत, त्याच शेऱ्यानंतर बाळाला दोष असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर जाते. वय किंवा डबल मार्कर या आधीच्या रक्तचाचणीचा निकाल बाजूला ठेवून अहवाल वाचला, तर त्यातून फारसे काही कळत नाही.

अशा चुकीचे मोठे कारण वारच आहे. गर्भाचे म्हणून धरलेले तुकडे बाळाच्या शरीरातून आलेले नसतात, ते वारेच्या पेशींचे असतात. वार आणि बाळ एकाच फलित अंड्यापासून बनतात, पण क्वचित दोष फक्त वारेतल्या काही पेशींत असतो आणि बाळ त्यापासून मुक्त असते. जुळ्यांपैकी एक गर्भ सुरुवातीलाच जिरून गेला असेल, तर त्याचेही तुकडे काही काळ रक्तात राहतात. म्हणून केवळ या अहवालावर गर्भपाताचा निर्णय घेत नाहीत. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास सुईने गर्भजल काढून, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘पाणी काढून’, बाळाच्याच पेशी तपासतात. एकवीस, अठरा आणि तेरा या गुणसूत्रांचा प्राथमिक निकाल काही दिवसांत येतो, पूर्ण तपासणीला दोन-तीन आठवडे लागतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या वीस आणि चोवीस आठवड्यांच्या मर्यादा लक्षात घेतल्या, तर रक्त वेळेवर देणे का महत्त्वाचे आहे ते समजते.

‘लो रिस्क’ हा शेरा दिलासा देणारा असला तरी त्याचा आवाका लहान आहे. हृदयातले छिद्र, फाटलेला ओठ, पाठीच्या कण्याची फट हे दोष गुणसूत्रांच्या मोजणीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी करावीच लागते. स्वमग्नता किंवा बुद्धीची वाढ याबद्दलही ही चाचणी काही सांगत नाही.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे, आणि अशी जोडपी पुष्कळदा याच चाचणीकडे आशेने पाहतात. नात्यातल्या लग्नाने डाउन सिंड्रोमची शक्यता वाढत नाही. त्यात वाढते ती आईवडील दोघांकडून एकाच सदोष जनुकाची प्रत बाळाला मिळण्याची शक्यता. थॅलेसेमिया, काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा आणि चयापचयाचे काही विकार असेच उतरतात. गुणसूत्रांच्या प्रती या सगळ्यांत बरोबर दोनच असतात, त्यामुळे नेहमीच्या एनआयपीटीला ते दिसत नाहीत. या जोडप्यांसाठी सुरुवात नवराबायकोच्या रक्ततपासणीपासून करतात. थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिनची सविस्तर तपासणी बहुधा पुरते. घरात आधी एखादे मूल बहिरे जन्मले असेल किंवा लहानपणीच गेले असेल, तर त्या मुलाचे निदान शोधून त्या विशिष्ट जनुकाची तपासणी करावी लागते. ती दिवस राहण्याआधी झाली तर पुढे पुरेसा वेळ मिळतो.