ईसीजीचा कागद हातात आला की: रेट, रिदम, अ‍ॅक्सिस आणि उलट लागलेल्या वायरी

ईसीजी काढला की मशीन कागदाच्या वरच्या कोपऱ्यात रेट, अ‍ॅक्सिस वगैरे आकडे स्वतःच छापून देतं, आणि बरेच जण तेवढेच वाचून कागद फाइलला लावतात. पण हे आकडे हाताने काढता येतात, पेन्सिल आणि कागदाची एक कोरी चिठ्ठी एवढंच लागतं, आणि मशीन कुठे फसतं तेही मग कळायला लागतं. छातीत दुखत असताना घरी बसून करायचं हे काम नाही, तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठायचं. हार्ट अटॅकच्या खुणा कशा शोधायच्या हा विषय वेगळा आहे, त्यात मी आज जात नाही.

उदाहरण म्हणून समजा ६६ वर्षांचे एक काका आहेत, बीपीची गोळी चालू आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढलाय, त्रास काही नाही. कागदावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार लीड, म्हणजे बारा लीड झाले, लीड म्हणजे हृदयातली वीज बघायची एकेक बाजू, आणि सगळ्यात खाली लीड टूची एक लांबलचक पट्टी, तिला रिदम स्ट्रिप म्हणतात.

आधी खालच्या कोपऱ्यात `25 mm/s` आणि `10 mm/mV` असं छापलंय का बघायचं, पहिला आकडा कागदाच्या वेगाचा, दुसरा रेघेच्या उंचीच्या मापाचा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकला असेल तर एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, पाच बारीक मिळून एक मोठा चौकोन, तो ०.२ सेकंदाचा, आणि एका मिनिटात असे ३०० मोठे चौकोन बसतात. कुणी चुकून वेग ५० वर ठेवला असेल तर ठोके दुप्पट लांब पसरतात आणि चौकोन मोजून काढलेला रेट निम्मा येतो, ९० चा माणूस ४५ चा दिसतो! त्यामुळे ही एक सेकंदाची तपासणी मी कधीच सोडत नाही.

आता रेट. सगळ्यांना माहीत असलेला नियम असा की दोन टोकदार शिखरांमधले, म्हणजे दोन आर वेव्हमधले मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्याने भागा. तीन चौकोन असतील तर १००, चार असतील तर ७५. ठोके सारख्या अंतरावर पडत असतील तर हा नियम छान चालतो. काकांच्या पट्टीवर मात्र पहिल्या दोन शिखरांत दोनच चौकोन आहेत, म्हणजे १५०, पुढच्या दोनांत चार, म्हणजे ७५, त्याच्या पुढे साधारण अडीच, म्हणजे १२०. मग खरा रेट कुठला? यातला कुठलाच नाही, कारण ३०० चा नियम फक्त त्या दोन ठोक्यांपुरतं सांगतो. अशा वेळी खालची अख्खी पट्टी घ्यायची, ती १० सेकंदांची असते, तिच्यातली शिखरं मोजायची आणि ६ ने गुणायचं. काकांची १७ भरली, म्हणजे मिनिटाला १०२. पट्टी खरंच १० सेकंदांची आहे का याची शंका असेल तर ५० मोठे चौकोन भरतात का ते मोजायचं.

रेट काढतानाच लक्षात आलं असेल की इथला रिदम नेहमीचा नाही. नेहमीचा म्हणजे सायनस रिदम, त्यात प्रत्येक क्यूआरएसच्या, म्हणजे ठोक्याच्या टोकदार भागाच्या, आधी एक छोटी गोलसर पी वेव्ह असते, ती लीड टूमध्ये वर आणि एव्हीआर नावाच्या लीडमध्ये खाली असते, आणि पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत तीन ते पाच बारीक चौकोन जातात. काकांच्या कागदावर पी कुठेच सापडत नाही, ती बघायला सगळ्यात सोयीचे लीड म्हणजे टू आणि छातीवरचं व्ही१, आणि तिथे दोन ठोक्यांमधली रेघ नुसतीच बारीक बारीक थरथरतेय.

इथे घाई करायची नाही. नुसत्या थरथरीवर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलीय, असं म्हणायचं नसतं, कारण एसीत कुडकुडणाऱ्या माणसाचा किंवा हात थरथरणाऱ्याचा ईसीजी पण असाच दिसतो. म्हणून ती कोरी चिठ्ठी घ्यायची, तिची कड शिखरांच्या खाली ठेवायची, लागोपाठ चार शिखरांवर पेन्सिलने खुणा करायच्या आणि चिठ्ठी एकेक ठोका पुढे सरकवत जायची. थरथर बाहेरची असेल आणि आत सायनस रिदम असेल तर खुणा पुढच्या शिखरांवर जवळपास जुळतात. मधेच एखादा जास्तीचा ठोका येत असेल तर तेवढी एकच खूण चुकते, बाकीच्या जुळतात. अंतरं हळूहळू बदलून एक ठोका गळत असेल तर तोच नमुना पुन्हा पुन्हा येतो. काकांच्या पट्टीवर चिठ्ठी कुठेही ठेवली तरी खुणा जुळत नाहीत आणि कुठलाच नमुना परत येत नाही. पी नाही आणि अंतरांना काही धरबंधही नाही, हे दोन्ही एकत्र आलं की एट्रियल फिब्रिलेशन.

होतं काय तर हृदयाचे वरचे दोन कप्पे एका सुरात आकुंचन पावायचं सोडून मिनिटाला साडेतीनशेच्या वर विस्कळीत सिग्नल सोडत राहतात, आणि वरच्या-खालच्या कप्प्यांच्या मधला एव्ही नोड त्यातले काही खाली जाऊ देतो, काही अडवतो, म्हणून ठोके असे वेडेवाकडे पडतात. क्यूआरएस मात्र दोनच बारीक चौकोन रुंद आहे, म्हणजे नोडच्या खालची नेहमीची वाट शाबूत आहे. काकांना काहीच जाणवत नसलं तरी हे सोडून द्यायचं नाही, कारण नीट न हलणाऱ्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पॅरालिसिसचा झटका येतो. रक्त पातळ करायची गोळी लागेल का ते डॉक्टर वय, बीपी, शुगर सगळं बघून ठरवतात. आणि हेही आहे की दहा सेकंदांची पट्टी सायनस आली म्हणून माणसाला फिब्रिलेशन नाहीच असं म्हणता येत नाही, ते येऊन जाऊन असू शकतं.

आता अ‍ॅक्सिस, ज्याला लोक उगाच घाबरतात. खालच्या कप्प्यांमधून वीज पसरते तेव्हा तिची एकूण दिशा कुठली, एवढंच शोधायचंय. एकच पालखी सहा जण सहा कोपऱ्यांतून बघतायत असं समजा, ज्याच्याकडे ती येते त्याला ती समोरून दिसते, ज्याच्यापासून लांब जाते त्याला पाठमोरी. हातापायांच्या सहा लीडचं तसंच, वीज लीडच्या दिशेने आली की रेघ वर जाते, लांब गेली की खाली. लीड वन आडवं डावीकडे बघतं, त्याला शून्य अंश धरलंय. एव्हीएफ सरळ खाली बघतं, ते ९० अंश. लीड टू दोघांच्या मधे ६० वर. मोठ्या माणसांत उणे ३० पासून अधिक ९० पर्यंतचा अ‍ॅक्सिस नॉर्मल धरतात.

प्रत्येक लीडमध्ये क्यूआरएस रेघेच्या वर किती बारीक चौकोन गेला आणि खाली किती, ते मोजून वजाबाकी करायची. काकांच्या लीड वनमध्ये वर ९, खाली १, म्हणजे अधिक ८. एव्हीएफमध्ये वर २, खाली ८, म्हणजे उणे ६. म्हणजे वीज डावीकडे जातेय पण वरच्या बाजूला कललीय. किती कललीय ते लीड टू सांगतं. तिथे वर ३, खाली ५, म्हणजे उणे २. लीड टू बरोब्बर शून्य आलं असतं तर अ‍ॅक्सिस त्याला काटकोनात, म्हणजे उणे ३० वर असता. ते थोडं खाली गेलंय म्हणून अ‍ॅक्सिस उणे ३० च्या जरा पलीकडे, उणे ४० च्या आसपास. मशीनने उणे ४१ छापलंय, जमलं की!

याला लेफ्ट अ‍ॅक्सिस डेव्हिएशन म्हणतात. हृदयातल्या डाव्या बाजूच्या वायरिंगची पुढची फांदी बंद पडली की असं होतं, पण त्याच्या निकषात अ‍ॅक्सिस निदान उणे ४५ तरी लागतो, शिवाय दीर्घ श्वास घेतला तरी अ‍ॅक्सिस काही अंश सरकतो. हृदयाच्या खालच्या भागात जुना अटॅक येऊन गेला असेल तरी अ‍ॅक्सिस डावीकडे जातो, पण तेव्हा लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये क्यूआरएसची सुरुवातच खाली जाऊन होते. काकांच्या तिन्हीत आधी छोटं टोक वर आहे. त्यामुळे नुसत्या अ‍ॅक्सिसवरून इथे कुठलंच लेबल लावायला मी तयार नाही.

हे मोजमाप बरोबर आहे का ते तपासायचं गणित आइन्थोव्हेन यांनी दिलंय, नेदरलँड्समधल्या लायडेनचे, ईसीजीसाठीच १९२४ चं नोबेल मिळालेले, त्यांच्या काळात पेशंटचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ईसीजी काढायचे. नियम सोपा आहे, लीड वन अधिक लीड थ्री बरोबर लीड टू. काकांचं लीड थ्री वर १, खाली ११, म्हणजे उणे १०. मग ८ आणि उणे १० मिळून उणे २, लीड टूला तेच आलंय. हे तीन लीड कागदावर एकाखाली एक असतात, त्याच ठोक्याचे, म्हणून हे जुळतं, एखाद्या चौकोनाचा फरक चालतो.

पण हा नियम एक चूक पकडत नाही, आणि ती चूक नेहमी होणारी आहे. समजा दुसऱ्या दिवशी काकांचा ईसीजी परत काढला आणि घाईत लाल वायर डाव्या हाताला, पिवळी उजव्या हाताला लागली. आपल्याकडच्या बहुतेक मशीनला उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा असतो, अमेरिकन मशीनचे रंग वेगळे, म्हणून वायरीवरची अक्षरं वाचलेली बरी. हात बदलले की लीड वन उलटं होतं, उणे ८, आणि टू-थ्रीची अदलाबदल होते, टू उणे १०, थ्री उणे २. आता बेरीज करा, उणे ८ आणि उणे २ मिळून उणे १०. गणित चोख जुळतंय, आणि अ‍ॅक्सिस मात्र उणे १४० च्या आसपास, जो क्वचितच कुणाचा असतो!

रेट आणि रिदमला यात काही होत नाही. सायनस असता तर लीड वनमधली पी उलटी दिसली असती आणि लगेच शंका आली असती, पण काकांना पी नाहीच, म्हणजे नेहमीचा पुरावा गेला. मग छातीचं व्ही६ बघायचं. लीड वन आणि व्ही६ दोघं साधारण एकाच बाजूने, डावीकडून बघतात, त्यामुळे दोघांचे क्यूआरएस एकसारखे असायला हवेत. व्ही६ मध्ये उंच शिखर आणि लीड वनमध्ये खड्डा, असं दिसलं की वायरी तपासायच्या. हृदय खरंच उजव्या बाजूला असेल तरी लीड वन उलटं येतं, पण तेव्हा व्ही१ पासून व्ही६ पर्यंत शिखरं वाढत जायच्या ऐवजी बारीक होत जातात. काकांची नीट वाढतायत, म्हणजे हृदय जागेवर आहे आणि हातांच्या वायरी चुकल्यात.

याची अजून एक बहीण आहे, लाल आणि काळ्या वायरीची अदलाबदल. तेव्हा लीड टू दोन्ही पायांमधला फरक मोजत बसतं, जो जवळपास शून्य असतो, म्हणून खालची रिदम स्ट्रिप सरळ रेघ येते आणि बाकीच्या लीडमध्ये ठोके दिसत राहतात. माणूस गप्पा मारतोय आणि फक्त लीड टू सपाट आलंय, तर आधी मनगट आणि घोट्याचे क्लिप बघा, वायरी नीट लावून कागद पुन्हा काढा आणि पहिल्या कागदावर 'वायरी चुकल्या' असं पेनाने लिहून मगच तो फाइलला लावा, नाहीतर पुढच्या डॉक्टरला तोच खरा वाटेल.